मार्कशीटचं थेट बोर्डाकडून व्हेरिफिकेशन: कोल्हापूर विभागात किती दिवस धरावेत?

"माझी बारावी कोल्हापूर बोर्डाची, 2011 ची. आयर्लंडमधल्या कंपनीला मार्कशीट थेट बोर्डाकडून व्हेरिफाय होऊन हवी आहे, माझ्या हातून चालणार नाही म्हणतात. महिन्याची मुदत दिली आहे. मी गडहिंग्लजला असते. अर्ज कसा करायचा आणि साधारण किती दिवस लागतात?"

ताई, अर्ज याच आठवड्यात गेला तर महिना पुरायला हरकत नाही. मी एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात सव्वीस वर्षं नोकरी केली, बोर्डाची कामं माझ्याकडंच असायची. निवृत्तीनंतरही ओळखीतल्या पाच-सहा जणांबरोबर याच कामासाठी बोर्डात गेलोय. माझा अनुभव असा, की कागद बिनचूक असतील तर अर्ज आवक झाल्यापासून बोर्डाचं पत्र निघेपर्यंत दोन ते तीन आठवडे लागतात. परदेशी टपालानं जायचं असेल तर वर आणखी आठ-दहा दिवस धरा. त्यातही वेळ जातो तो बहुतेक अर्जातल्या चुकीमुळं.

पहिली गफलत शब्दाचीच होते. खिडकीवर जाऊन "मार्कशीट व्हेरिफिकेशन करायचंय" म्हटलं की समोरच्याला बऱ्याचदा वाटतं, गुणपडताळणी हवी आहे. ती निराळी. निकालानंतर ठरावीक दिवसांतच विद्यार्थी पेपरातल्या गुणांची बेरीज पुन्हा तपासून घेतात, ती गुणपडताळणी. तुम्हाला हवी आहे ती गुणपत्रिकेच्या खरेपणाची पडताळणी. अर्जाच्या विषयात हेच लिहा: "परदेशातील नोकरीसाठी गुणपत्रिकेची सत्यता पडताळणी करून संबंधित कंपनीस थेट कळविणेबाबत."

बोर्डात जायच्या आधी कंपनीच्या एचआरला मेल करून तीन गोष्टी लेखी मागवून घ्या. पत्र टपालानं हवं की अधिकृत ईमेलवरून, कुणाच्या नावानं आणि कुठल्या पत्त्यावर, आणि त्यांचा स्वतःचा छापील फॉर्म आहे का. तुमच्या फाईलचा संदर्भ क्रमांकही मागा. तो बोर्डाच्या पत्रावर नसला, तर पत्र तिकडं पोचूनही कुणाच्या फाईलला लावायचं ते कळत नाही. बऱ्याच कंपन्या हे काम एजन्सीला देतात आणि एजन्सी स्वतःच बोर्डाला लिहिते. तसं असेल तर तुम्ही वेगळा अर्ज करू नका, नाहीतर एकाच कामाचे दोन कागद फिरत राहतात. एजन्सीला फक्त सहीचं संमतीपत्र, गुणपत्रिकेची स्वच्छ प्रत आणि कोल्हापूर विभागीय मंडळाचा पत्ता द्या. पत्ता mahahsscboard.in वरूनच घ्या.

अर्ज विभागीय सचिवांच्या नावानं करायचा. सोबत गुणपत्रिकेच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पासपोर्टची प्रत, कंपनीचं पत्र किंवा मेलची प्रिंट आणि असल्यास त्यांचा फॉर्म. अर्जात बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष, शाखा, कॉलेजचं नाव, आईचं नाव, सगळं गुणपत्रिकेवर आहे तसंच उतरवा. फी खिडकीवर सांगतील तेवढी भरून पावती घ्या. मूळ गुणपत्रिका दाखवायला जवळ ठेवा, पण अर्जाला जोडू नका. स्वतः जाणार असाल तर सकाळी जा, म्हणजे काही कमी पडलं तर त्याच दिवशी पुरं करून गडहिंग्लजला परतता येईल.

परीक्षेच्या महिन्यावर मी एवढा जोर का देतोय, ते एका मुलाच्या कामावरून सांगतो. जयसिंगपूरचा मुलगा, सिंगापूरला नोकरी लागलेली. बारावीला मार्चमध्ये गणित राहिलं आणि ऑक्टोबरला सुटलं. त्यानं कंपनीच्या फॉर्मवर "उत्तीर्ण वर्ष 2011" एवढंच लिहिलं आणि बैठक क्रमांक घातला मार्चच्या हॉलतिकिटावरचा. बोर्डात नोंदी परीक्षेनुसार असतात. मार्चची वेगळी, ऑक्टोबरची वेगळी, आणि प्रत्येक वेळचा बैठक क्रमांकही नवा. त्या क्रमांकावर मार्चची नोंद निघाली, तीत तो अनुत्तीर्ण, आणि सोबत जोडलेली गुणपत्रिका उत्तीर्ण असल्याची. साहजिकच "तपशील जुळत नाही" म्हणून अर्ज परत आला. पोरगं रडकुंडीला आलं होतं. कंपनीला असं उत्तर थेट गेलं असतं तर खोटी मार्कशीट दिल्याचा शिक्काच बसला असता. गुणपत्रिका नीट बघितली तर वरच्या ओळीत ऑक्टोबर 2011 छापलेलं होतं आणि शेजारी नवा क्रमांक. लॅमिनेशन पिवळं पडल्यामुळं त्यातला शेवटचा आकडा 3 आहे की 8 तेही कळेना, शेवटी कॉलेजच्या निकालपत्रकावरून पक्का केला. नवा अर्ज दिल्यावर सोळाव्या दिवशी पत्र निघालं. पण पहिल्या अर्जात अठरा दिवस गेले ते गेलेच.

तुमच्या बाबतीत नावाकडंही बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर आडनावही वेगळं. बोर्ड गुणपत्रिकेवरच्या नावालाच दुजोरा देणार, पासपोर्टवरच्या नावाला नाही. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत कंपनीला तुम्ही आधीच पाठवून ठेवा. बोर्डाला त्यात काही करता येत नाही.

किती दिवस लागतील ते महिन्यावरही असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी परीक्षा, मे-जूनमध्ये निकाल आणि लगेच पुरवणी परीक्षेची तयारी, या काळात तेच कर्मचारी तिकडं गुंतलेले असतात. तेव्हा तीन आठवड्यांचे पाच धरा आणि कंपनीकडून मुदत आधीच वाढवून घ्या. ऐन मुदत संपताना मागितली की तिकडं शंका येते.

दरम्यान डिजिलॉकरवरून बारावीची गुणपत्रिका काढा आणि एचआरला विचारा, तात्पुरती ही चालेल का. बोर्डाच्या नोंदीतून आलेली असल्यामुळं काही कंपन्या ती धरतात आणि रुजू करून घेतात. फाईल मात्र तशीच पाठवा. प्रिंट काढून स्कॅन केली की तिच्यावरची डिजिटल सही तपासता येत नाही.

कुणी एजंट म्हणेल, "अपोस्टिल करून टाका, काम झालं." आयर्लंड आणि भारत दोन्ही हेग करारात आहेत, त्यामुळं अपोस्टिल तिथं चालतं हे खरं. पण अपोस्टिल सांगतं ते कागदावरची सही-शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे एवढंच, आणि तो कागद तुमच्याच हातून जातो. तुमच्या कंपनीला बोर्डाचं स्वतःचं उत्तर हवं आहे. त्यांनी दोन्ही मागितली असतील तरच दोन्ही करा.

अर्ज दिलात की आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. त्याशिवाय पुढं फोनवर विचारता येत नाही. पंधरा दिवस थांबून मग चौकशी करा, आणि पत्र निघालं की जावक क्रमांक, तारीख आणि टपालानं गेलं असेल तर स्पीड पोस्टचा नंबर मागून एचआरला त्याच दिवशी कळवा. ईमेलनं गेलं असेल तर त्यांना स्पॅममध्येही बघायला सांगा. आमच्या एका मुलीचं उत्तर तिथंच नऊ दिवस पडून होतं.

तुमची परीक्षा मार्चची की ऑक्टोबरची, आणि पासपोर्टवर आडनाव कुठलं, एवढं इथं लिहा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.