पोट की बोट : ओठ वाचणाऱ्यांना प, ब, म एकच का दिसतात?

प्रश्न : सासूबाईंना ऐकू कमी येते, पण आमच्या ओठांकडे बघून त्या बरेच समजून घेतात. तरीही मीठ मागितले की पीठ आणतात आणि मामा येणार म्हटले की बाबा येणार असे समजतात. आम्ही तोंड मोठे उघडून, एकेक शब्द जोर देऊन बोलतो. त्यांचे लक्ष नसते, की त्यांना विसरायला होऊ लागले आहे?

उत्तर : काही काळापूर्वी पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई मुलाबरोबर माझ्याकडे आल्या होत्या. येथे त्यांना काकू म्हणू. त्यांच्या नातीने एका संध्याकाळी ‘आजी, पोट दुखतंय’ असे सांगितले, तेव्हा काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि काटा कोणत्या बोटात रुतला आहे ते चष्मा लावून शोधू लागल्या. घरातल्यांना आधी हसू आले आणि मग काळजी वाटू लागली. ‘पाव आण’ म्हटल्यावर ‘कसला भाव?’ असे विचारणे, ‘माझी’ याऐवजी ‘भाजी’ समजणे असे प्रसंग पूर्वीही झाले होते. आता सर्वांनी मिळून विस्मरणाचा निष्कर्ष काढला होता, आणि काकूंनीही तो अर्धा मान्य केला होता.

अशा वेळी मी ‘किती चुका होतात’ यापेक्षा ‘कोणत्या चुका होतात’ हे आधी पाहते. त्यासाठी मी काकूंना एक चित्रफीत आवाज पूर्ण बंद करून दाखवली. चित्रफीतच का, तर समोर बसून नुसते ओठ हलवले की कोणीही नकळत ते जास्त ताणतो आणि नेहमीच्या बोलण्यातील हालचाल राहत नाही. फितीत बोलणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर समोरून उजेड होता आणि ती आपा, आबा, आमा, आफा, आभा, आवा, आता, आला, आका अशा निरर्थक जोड्या उलटसुलट क्रमाने, प्रत्येक अनेकदा म्हणत होती. काकूंनी जे दिसले ते कागदावर लिहायचे होते. शब्द मुद्दामच निरर्थक घेतले होते, कारण अर्थ असला की मेंदू अंदाज करू लागतो आणि डोळ्यांना नेमके काय मिळाले ते कळत नाही.

नंतर दाखवलेला ध्वनी डावीकडे आणि लिहिलेला ध्वनी वर असा तक्ता मांडला. आपा, आबा, आमा, आफा आणि आभा या पाचांपैकी काहीही दाखवले तरी काकूंचे उत्तर याच पाचांपैकी एक होते, बहुतेक वेळा आमा किंवा आपा. एकदाही त्यांनी तेथे आता किंवा आका लिहिले नाही. आवा मात्र त्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर ओळखले, कारण मराठीतील व म्हणताना ओठ एकमेकांना चिकटत नाहीत. लक्ष उडाले असते किंवा दिसत नसते तर चुका तक्त्यावर सगळीकडे विखुरल्या असत्या. येथे त्या एका चौकटीत कोंडलेल्या होत्या, म्हणजे काकूंनी जे दिसण्यासारखे होते ते सगळे टिपले होते.

या चौकटीलाच व्हिसीम म्हणतात. ओठ वाचणाऱ्याला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत अशा ध्वनींचा तो गट असतो. फिशर या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये हा शब्द वापरात आणला. इंग्रजीत या गटात प, ब, म हे तीन ध्वनी येतात. मराठीत संपूर्ण प-वर्ग येतो, म्हणजे आपल्याकडे ओठ वाचणाऱ्याचे काम त्या मानाने अधिक अवघड आहे. फ पुरता एक अपवाद आहे. आजकाल अनेक जण तो वरचे दात खालच्या ओठाला टेकवून म्हणतात. तसे झाले की तो या गटाबाहेर पडतो आणि स्पष्ट दिसतो. शुद्ध उच्चाराचा आग्रह धरणाऱ्यांना ही सवय खटकते, पण ओठ वाचणाऱ्याची मात्र तिने सोय होते.

काकूंच्या मुलाला हे पटेना. ‘मी प किती ठासून म्हणतो,’ असे ते म्हणाले. मग त्यांना आरशासमोर बसवून एक बोट कंठावर आणि दुसरे नाकपुडीच्या बाजूला ठेवायला सांगितले. आपा म्हणताना ओठ मिटलेले असतात त्या क्षणी कंठावरचे बोट शांत राहते. आबा म्हणताना त्याच क्षणी कंठ थरथरतो. आमा म्हणताना कंठाबरोबर नाकपुडीही थरथरते, कारण मऊ टाळू खाली येऊन हवेला नाकाची वाट मोकळी करून देतो. नंतर त्यांनी नाक चिमटीत धरून मामा म्हणून पाहिले तर ऐकू आले ते बाबासारखे. सर्दीत आपले सगळ्यांचेच असे होते. एवढे सगळे बदलत असताना आरशात ओठ मात्र त्याच प्रकारे मिटत होते आणि त्याच प्रकारे उघडत होते. प आणि ब यांच्यातला फरक स्वरयंत्रात घडतो, ब आणि म यांच्यातला टाळूच्या मागे, तर प आणि फ किंवा ब आणि भ यांच्यातला ओठ उघडल्यानंतरच्या श्वासात. यांतले काहीही बाहेरून दिसत नाही. ओठ मिटलेले राहण्याच्या काळात थोडाफार फरक असतो हे खरे, परंतु रोजच्या वेगाने चाललेल्या बोलण्यात त्यावर विसंबता येत नाही. म्हणून कितीही सराव केला तरी डोळ्यांना हा फरक शिकवता येत नाही, आणि ठासून बोलण्यानेही तो ओठांवर उमटत नाही. उलट तोंड फार मोठे उघडले की शेजारच्या स्वरांचा आकार बिघडतो आणि त्यांतून मिळणारी माहितीही जाते.

आता प्रश्न असा की डोळ्यांना न मिळणारी माहिती दुसरीकडून मिळते का. काकूंच्या बाबतीत ती मिळण्यासारखी होती. त्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, २५० आणि ५०० हर्ट्झ या खालच्या स्वरांत श्रवण थोडेच उणे होते, पण २००० हर्ट्झच्या पुढे रेघ एकदम खाली गेली होती. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात बहुधा असेच चित्र दिसते. कंठाची थरथर आणि नाकातला घुमारा हे दोन्ही खालच्या स्वरांतले आवाज आहेत, तर प, त, क यांना एकमेकांपासून वेगळे करणाऱ्या खुणा बऱ्याच अंशी वरच्या स्वरांत असतात. मिलर आणि नाइसली यांनी १९५५ मध्ये गोंगाटातील ऐकण्यावर केलेल्या प्रयोगांतही हेच दिसले होते, की घोष-अघोष, म्हणजे कंठ थरथरतो की नाही, आणि नासिक्य, म्हणजे हवा नाकातून जाते की नाही, हे भेद बराच गोंगाट होईपर्यंत टिकतात, पण ध्वनी तोंडात कोठे घडला हे ओळखणे लवकर अशक्य होते. थोडक्यात, काकूंचा कान प आणि त यांत फसत होता, जो फरक डोळ्यांना सहज दिसतो. आणि त्यांचे डोळे प आणि म यांत फसत होते, जो फरक त्यांच्या कानाला अजून ऐकू येत होता.

मग घरात गोंधळ का होत होता? चौकशी केल्यावर कळले की श्रवणयंत्र असूनही स्वयंपाकघरात काकू ते काढून ठेवत, कारण मिक्सर आणि कुकरच्या शिटीचा त्यांना त्रास होई. यंत्र नाही, वर एक्झॉस्ट फॅनची घरघर, जी खालच्या स्वरांवरच येऊन बसते. म्हणजे ज्या एका वाटेने प आणि म वेगळे कळले असते ती वाटच बंद होती. नातीने तक्रार केली तीही ओट्यापाशी. आम्ही श्रवणतज्ज्ञांकडून यंत्रात मोठ्या आवाजाची मर्यादा कमी करून घेतली, आणि बोलायचे असेल तेव्हा फॅन बंद करायचा असे घरात ठरले. यंत्र लावून, शांत खोलीत, आवाज सुरू ठेवून तीच चित्रफीत पुन्हा दाखवली तेव्हा म बाकीच्यांपासून बहुतेक वेळा सुटा झाला आणि प-ब यांतला गोंधळ बराच कमी झाला. ब-भ आणि प-फ मात्र तसेच राहिले. श्वासाचा तो फरक काकूंच्या उरलेल्या श्रवणात नीट बसत नाही आणि तेथे मी अधिक सुधारणेची आशा दाखवली नाही.

तुमच्या घरी करण्यासारखे यातून दोन बदल निघतात. पहिला म्हणजे एकटा शब्द टाकू नये. ‘मीठ द्या’ यात सासूबाईंना निवड करायला काहीच मिळत नाही. ‘आमटी आळणी झाली आहे, मिठाची बरणी द्या’ म्हटले की आमटीचा विषय आधीच कळलेला असतो, शिवाय पिठाचा डबा आणि मिठाची बरणी हे पूर्ण शब्द ओठांवरही वेगळे दिसतात. दुसरा बदल घरच्यांना जड जातो. शब्द कळला नाही तर तोच शब्द तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणण्याऐवजी वाक्य बदलावे. ‘मामा’ पुन्हा म्हटल्याने तो पुन्हा बाबाच दिसणार. ‘आईचा भाऊ, नाशिकचा’ म्हटल्याने प्रश्न सुटतो. (मिशा ओठांवर आल्या असतील तर कापाव्यात हे मी सगळ्यांनाच सांगते, मात्र प-ब-म यांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही.) औषधांचे प्रमाण तोंडी सांगू नये, कारण तीन आणि दीड या शब्दांत सगळी हालचाल दातांमागे होते आणि दोन्ही शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. ते लिहूनच द्यावे.

विस्मरणाची शंका स्वतंत्रपणे तपासता येते आणि वाटल्यास अवश्य तपासून घ्यावी, परंतु पीठ-मीठ हा त्याचा पुरावा नव्हे. काही दिवस सासूबाईंच्या चुका वहीत दोन रकान्यांत लिहा : आपण काय म्हटले आणि त्यांना काय समजले. जोड्या प-वर्गातच राहत असतील, किंवा त-द-न आणि क-ग अशा आतल्या ध्वनींपुरत्या असतील, तर ओठवाचनाची जी मर्यादा आहे तेवढेच घडते आहे. पण मीठ म्हटल्यावर ‘ताट’ किंवा ‘काल’ असे ओठांच्या मिटण्याशी संबंध नसलेले शब्द वारंवार येऊ लागले, तर आधी डोळे तपासावेत, मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर पाहावा, यंत्राची बॅटरी बदलावी, आणि तरीही तसेच राहिले तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.