प्रमोशनसाठी लीडरशिप फिलॉसॉफी लिहिताना खरी उदाहरणं कशी द्यायची?

प्रश्न: स्टाफ नर्सवरून वॉर्ड इन्चार्जसाठी इंटरव्ह्यू आहे, एक पानी लीडरशिप फिलॉसॉफी मागितलीय. मूल्यं लिहिलीत, उदाहरणं कशी टाकू?

उत्तर: दोनच मूल्यं ठेवा आणि प्रत्येकाखाली तुम्ही स्वतः घेतलेला एक अवघड निर्णय लिहा. मी प्रमोशन पॅनलवर बसते, 'माझा पारदर्शकतेवर विश्वास आहे' हे वाक्य इतक्या कागदांवर असतं की त्यावर पुढे विचारायलाच काही उरत नाही. त्यापेक्षा असं लिहा: 'चूक लगेच सांगणाऱ्याला माझ्या शिफ्टमध्ये ओरडा बसत नाही. नाइटला ज्युनिअरने येऊन सांगितलं की इन्सुलिन दोनदा दिलं गेलं, मी आधी शुगर तपासली, डॉक्टरांना बोलावलं, इन्सिडंट रिपोर्ट तिच्यासोबत बसून भरला आणि दुसऱ्या दिवसापासून डोस दिल्या दिल्या बेडजवळच चार्टवर सही करायची असं ठरवलं.' शेवटचा भाग, म्हणजे नंतर काय बदललं, तोच बहुतेक जण विसरतात. आणि घडलेलंच लिहा, कारण पॅनल हमखास विचारतं की ती सही अजून होते का, कोण तपासतं, तिथे रचलेला प्रसंग लगेच उघडा पडतो. फक्त पेशंटचं आणि ज्युनिअरचं नाव, बेड नंबर, तारीख कागदावर येऊ देऊ नका.