हळदीचा लाल डाग आणि पसारा न करणारी चित्रकला

"मुलगी ४ वर्षांची आहे. रंग काढले की अर्ध्या तासात भिंत, चादर, केस सगळं रंगलेलं. मी ओरडते, मग रात्री मलाच वाईट वाटतं. सध्या रंग कपाटात वर ठेवून दिलेत. कागद, पानं, घरातले नैसर्गिक रंग असं काही पसारा न होता करता येईल का? की रंग बंद करून मी तिचं नुकसान करतेय?"

करता येईल. आणि काही दिवस रंग वर ठेवले म्हणून नुकसान वगैरे काही होत नाही, ते आधी डोक्यातून काढा. उरलेलं मी माझ्याकडे आलेल्या एका आई-मुलीच्या गोष्टीतून सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलीला आपण चिऊ म्हणू).

चिऊची आई आली ती तुमच्या बरोब्बर उलटी तक्रार घेऊन. म्हणाली, मुलगी रंगांना हातच लावत नाही, गोंदाचा थेंब बोटाला लागला तरी हात पुढे करून "पूस" म्हणते. मी आधी विचारलं, आंघोळ, माती, वरणभात कालवणं, साबणाचा फेस यांचं काय? ते सगळं मजेत चालत होतं. हे विचारायचं कारण असं की ओलं, चिकट काहीही लागलं की मूल रडून आकांत करत असेल, कपड्याचं लेबलही टोचत असेल, जेवणात ठरावीक दोनतीनच गोष्टी चालत असतील तर तो वेगळा विषय आहे, तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावं. चिऊला तसलं काही नव्हतं, फक्त रंग आणि गोंद नको होता. म्हंजे कुठेतरी काहीतरी घडलं होतं.

जरा बोलल्यावर निघालं. घरी हळद कालवून ब्रशने चित्र काढत होती, वाटी लवंडली, पांढरा फ्रॉक पिवळा झाला. आईने घाईघाईने फ्रॉक अंगातून काढला, डागावर साबण चोळला आणि डाग लालभडक झाला. आईला वाटलं फ्रॉक कायमचा गेला, ती जोरात ओरडली. आणि चिऊने काय पाहिलं, तर मी रंग सांडला, आईने हात लावला आणि तिथे रक्तासारखं लाल झालं! चार वर्षांच्या पोरीने यातून काय अर्थ काढला असेल ते तुम्हीच बघा. तिथून पुढे "पूस, पूस" सुरू.

आता हा लाल डाग नेमका काय प्रकार आहे ते सांगते, कारण पुढचा सगळा खेळ त्यावरच आहे. हळदीतला पिवळा रंग साबण, सोडा अशा अल्कली गोष्टींना लागला की लालसर तपकिरी होतो. लिंबासारखं आंबट लागलं की परत पिवळा. कापड खराब झालेलं नसतं, रंगाने नुसता वेष बदललेला असतो. साबण नीट खळबळून काढला की डाग पुन्हा पिवळा होतो, आणि तो पिवळा कडक उन्हात वाळत घातला की फिका पडत जातो, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो मॅडम, मी तो फ्रॉक फडकी करायला फाडला!" असो.

मी मुलांशी चित्रकला करते तेव्हा एक गोष्ट आधी बघते, किती ओलं आहे. पसारा मूल करतं असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा तो पाण्याने होतो. वाटीभर रंग, ग्लासभर पाणी, सुटा कागद आणि या वयाचा हात, जो अजून मनगटातून कमी आणि खांद्याकोपरातून जास्त हलतो, मग वाटी उडणारच की. म्हणून मी "सांडू नकोस" म्हणत बसत नाही, सांडायला काही ठेवतच नाही. कामाची जागा म्हणजे एक मोठी परात किंवा काठ असलेला ट्रे, जमिनीवर ठेवलेला, टेबलावर नाही. आणि पहिल्या दिवशी ओलं काहीच नाही.

तर पहिल्या भेटीत आम्ही केला पानाचा ठसा, पूर्ण कोरडा. पान आदल्या दिवशी गळलेलं घ्यायचं, म्हंजे किंचित मऊ असतं, पार वाळलेलं असेल तर खडूच्या दाबाने चुरा होतो. चीक निघणारी पानं नकोत, रुई आणि कण्हेर तर अजिबातच नकोत, रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट आणि कण्हेर विषारी. पान उलटं ठेवायचं, शिरा वर. देठाला चिकटपट्टीचा तुकडा लावून ट्रेला चिकटवायचं, वर पातळ साधा कागद, त्याचेही चारही कोपरे चिकटवायचे. मेणखडूचा कागद सोलून खडू आडवा धरायचा आणि फिरवायचा. एवढंच. पण बऱ्याच घरी हे फसतं ते न चिकटवल्यामुळे, पान खाली सरकतं, दोनदोन शिरा उमटतात, मूल वैतागून जोर लावतं आणि कागद फाटतो, मग आपण म्हणतो हिला पेशन्सच नाही. चिऊने खडू आधी उभाच धरला, नुसत्या रेघोट्या आल्या. आई लगेच हात पुढे करायला लागली, मी तिला खुणेनेच थांबवलं. थोड्या वेळाने खडू आपोआप कलंडला आणि मधली जाड शीर कागदावर वर आली. चिऊने कागदाचा कोपरा उचकटून खाली पान अजून आहे का ते पाहिलं, पुन्हा कागद लावला, पुन्हा घासलं. तीन वेळा. (हे उचकटून बघणं मला चित्रापेक्षा जास्त आवडतं.)

साधारण दहाबारा मिनिटांत तिचं झालं, उठून गेली. आई म्हणाली, "बघा, पूर्ण करत नाही." या वयाला दहाबारा मिनिटं म्हंजे पूर्णच झालं हो, तिथून पुढे ताणलं की पसारा वाढतो.

दुसऱ्या भेटीला थोडं ओलं. बीट किसून पिळलं, एक चमचाभर रस. बरणीच्या झाकणात जुन्या सुती कापडाची चार पदरी घडी ठेवली आणि रस त्यावर ओतला, झाला स्टॅम्प पॅड. हे झाकण उलटं पडलं तरी काही सांडत नाही, हाच त्यातला फायदा. पानाची शिरांची बाजू पॅडवर दाबायची, मग कागदावर, वर एक रद्दी कागद ठेवून तळहाताने दाबायचं, म्हंजे रंग हाताला लागायचा तो पानाच्या मागच्या बाजूने थोडासाच. ठसा पुसट आला तर बहुतेक वेळा पान मेणचट असतं, गुळगुळीत चमकदार पानावर पाण्यासारखा रस थांबत नाही, थेंब होऊन पळतो. त्यासाठी खरखरीत पान घ्या, किंवा रस घट्ट करा. अर्धा कप पाण्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर मोठ्या माणसाने शिजवून गार केलं आणि त्यातलं चमचाभर रसात मिसळलं तर पुरे. उरलेला रस फ्रिजमध्ये दोनेक दिवस, मग फेकायचा, वास येतो. आणि बिटाचा रंग कागदावर टिकत नाही, काही दिवसांत तपकिरी आणि फिका होतो, ते आधीच माहीत असू द्या नाहीतर "रंग खोटा निघाला" वाटतं.

चिऊने पान चिमटीत देठाला धरलं, बोट लागू न देता. मी काही बोलले नाही. ओलं फडकं मात्र ट्रेशेजारी ठेवलं आणि सांगितलं, हे तुझं, हवं तेव्हा पूस. आईकडे हात पुढे करायची गरजच नको. पहिल्या पाचसहा ठशांना तिने प्रत्येक वेळी बोटं पुसली, नंतर मधेच विसरली. आईला तेवढं एकच काम दिलं होतं, आपणहून पुसायचं नाही. ते तिला चिऊपेक्षा जड गेलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती बिचारी.

तिसऱ्या वेळी हळद आणायची असं मी आईला आधीच सांगून ठेवलं. ती जरा घाबरली. पण यात मुलाच्या हातात ओली हळद येतच नाही. आदल्या रात्री मोठ्या माणसाने अर्धा कप गरम पाण्यात अर्धा चमचा हळद घालून दहा मिनिटं ठेवायची, गाळ खाली बसला की फक्त वरचं पाणी ब्रशने जाडसर कागदावर लावायचं, वाळलं की दुसरा हात. गाळासकट लावलंत तर वाळल्यावर पूड झडते आणि तीच सगळीकडे पिवळं करते. पूर्ण वाळल्यावर कोरड्या फडक्याने एकदा झटकायचा, कागद वाकला असेल तर पुस्तकाखाली ठेवायचा. सकाळी मुलासमोर तयार पिवळा कागद, झाकणात दोन मोठे चमचे पाणी ज्यात पाव चमचा खाण्याचा सोडा विरघळलाय, आणि एक इअरबड. धुण्याचा सोडा नाही हं, तो कातडीला लागतो. सोड्याचं पाणी दिसायला साधं पाणीच, सांडलं तरी पुसलं की झालं. पण ओल्या कागदाला बोट लागलं तर थोडं पिवळं होतं, म्हणून कागद हातात न घेता ट्रेलाच चिकटवायचा.

चिऊने इअरबड टेकवला आणि जिथे टेकवला तिथे लाल ठिपका उमटला. तिने हात मागे घेतला. आईकडे पाहिलं. आई म्हणाली (हे मी शिकवलं नव्हतं), "अगं, फ्रॉकवर पण असंच झालं होतं, मला माहीतच नव्हतं ते. मी उगीच ओरडले." चिऊ काही बोलली नाही. मी दुसरा इअरबड लिंबाच्या रसात बुडवून दिला, डोळ्याला हात लावायचा नाही एवढं सांगितलं. लाल ठिपक्यावर लिंबू लागलं, ठिपका गेला. मग सोडा, परत लाल. मग लिंबू. चित्र वगैरे काही झालं नाही, कागदाचा एकच कोपरा घासून घासून लगदा झाला आणि तिथे भोक पडलं, आणि पंधरा मिनिटांत ट्रेच्या बाहेर पडले ते लिंबाचे दोन थेंब.

तुमच्या मुलीला रंगांची भीती नाही, उलट उत्साह जास्त आहे, त्यामुळे क्रम तोच ठेवा पण कोरड्या ठशांवर चारपाच दिवस काढा, आणि ओलं सुरू कराल तेव्हा एका वेळी एकच रंग, एकच चमचा. भिंतीवर रंगवत असेल तर तिला मोठा हात फिरवायला जागा हवीये, ट्रेऐवजी जमिनीवर वर्तमानपत्राएवढा कागद चारी बाजूंनी चिकटवून द्या आणि हातात फक्त मेणखडू. अजूनही सांडलं तर मला लिहा, काय सांडलं आणि किती होतं ते मात्र नक्की लिहा.

चिऊच्या आईचा मधे फोन आला होता. चिऊने हळदीचा एक कागद खिडकीच्या काचेला लावला होता, उन्हाने तो पांढुरका झाला. "रंग कुठे गेला" म्हणून विचारलं तर आईने सांगितलं, उन्हाने खाल्ला. दुसऱ्या दिवशी चिऊने जेवताना पिवळी झालेली स्वतःची लाळेरी नेऊन त्याच काचेला लावली.