त्रिकोण नसलेल्या ग्राफमध्ये कडा किती?

प्रश्न: n बिंदूंच्या ग्राफमध्ये एकही त्रिकोण नसेल तर जास्तीत जास्त किती कडा? डिग्रींची बेरीज करून सिद्ध कसं करायचं?

n²/4, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक. हे मँटेलचं १९०७ चं प्रमेय. कोणतीही कड xy घ्या. x आणि y यांचा सामाईक शेजारी असता तर त्रिकोण झाला असता, म्हणून प्रत्येक बिंदू दोघांपैकी फार तर एकाचाच शेजारी असतो. x ची डिग्री d(x) लिहिली तर d(x) + d(y) ≤ n. आता सगळ्या m कडांवर बेरीज करा. उजवीकडे mn येतं. डावीकडे नीट बघा, गोंधळ इथेच होतो: v ला d(v) कडा जोडलेल्या असतात, म्हणून d(v) ही संख्या d(v) वेळा मोजली जाते. म्हणजे Σd(v)² ≤ mn. डिग्रींची बेरीज 2m असल्यामुळे कोशी-श्वार्ट्झने Σd(v)² ≥ 4m²/n. दोन्ही जोडलं की m ≤ n²/4.

n = 5 असेल तर 6.25, म्हणजे ६ कडा. बिंदूंचे २ आणि ३ असे गट करून एका गटातला प्रत्येक बिंदू दुसऱ्या गटातल्या प्रत्येक बिंदूला जोडा, बरोबर ६ मिळतात. पंचकोनात मात्र ५च. ग्राफ साधा हवा: दोन बिंदूंमध्ये दुहेरी कडा चालत असतील तर ही मर्यादा टिकत नाही.