सामंजस्य कराराच्या मसुद्यात ‘संस्था’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न: सामंजस्य कराराचा मसुदा मुद्रितशोधनासाठी आलाय. पक्षांची नावं, काळ आणि ‘करील, करण्याचा मानस आहे’ अशी क्रियापदं सगळीकडे वेगवेगळी आहेत. कुठून सुरुवात करू?

नावांपासून. मागे माझ्याकडे असाच एक मसुदा आला होता. सुरुवातीला ‘यापुढे महाविद्यालय’ आणि ‘यापुढे संस्था’ अशी दोन नावं ठरवलेली, आणि सातव्या कलमात वाक्य: ‘संस्था दरवर्षी २० विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देईल व संस्थेच्या जागेचा वापर करू देईल.’ विचारल्यावर कळलं की दुसरी ‘संस्था’ म्हणजे महाविद्यालय चालवणारी शिक्षणसंस्था, जी करारात पक्षच नव्हती!

शोधताना एक खाच आहे. ‘संस्था’ असं टाकलं तर ‘संस्थेने’, ‘संस्थेच्या’ सापडत नाहीत, म्हणून ‘संस्थ’ एवढंच शोधा. आम्ही ‘संस्था’ म्हटलेल्या पक्षाचं नाव बदलून ‘केंद्र’ केलं, पण सरसकट ‘बदला’चं बटण दाबलं नाही. तसं केलं की ‘केंद्र आपला प्रतिनिधी नेमेल आणि तिच्या सूचना’ अशी वाक्यं उरतात, शिवाय ‘शिक्षणसंस्था’चं ‘शिक्षणकेंद्र’ होतं. प्रत्येक जागी थांबून लिंग, विभक्ती आणि मागचंपुढचं सर्वनाम बघावं लागतं. ‘केंद्र करील’ आणि दोन ओळींनी ‘केंद्र करतील’ हेही तेव्हाच सापडतं.

काळाचं फार अवघड नाही. प्रास्ताविकात आजची स्थिती वर्तमानकाळात (‘महाविद्यालय अभ्यासक्रम चालवते’), झालेली चर्चा भूतकाळात, पुढची कामं भविष्यकाळात. ‘करील’ की ‘करेल’, एकच ठेवा.

खरी जोखीम क्रियापदांच्या जोरात आहे. ‘प्रशिक्षण देण्याचा मानस आहे’, ‘देण्याचा प्रयत्न करील’, ‘देईल’, ‘देण्यास बांधील राहील’ या चार पायऱ्या आहेत. वर ‘सामंजस्य करार’ असं लिहिलं म्हणून आतलं ‘बांधील राहील’ आपोआप सौम्य होत नाही. वाद झालाच तर शीर्षकापेक्षा आतल्या शब्दांकडे जास्त बघितलं जातं. त्या सातव्या कलमात ‘देईल’ होतं आणि नवव्यात त्याच प्रशिक्षणाबद्दल ‘शक्य झाल्यास’. मी दोन्ही वाक्यं तशीच ठेवून शेजारी टिपण लिहिलं: ‘२० हा आकडा नक्की आहे की अपेक्षित?’ उत्तर आलं, अपेक्षित. मग वाक्य झालं: ‘केंद्राचा दरवर्षी सुमारे २० विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देण्याचा मानस आहे.’ हा बदल विचारल्याशिवाय करू नका, कारण तो भाषेचा नाही, आशयाचा आहे.

आणि उत्साहाच्या भरात सगळंच मऊ करू नका. गोपनीयता, खर्च कोणी सोसायचा, मुदतीआधी बाहेर पडण्याची सूचना ही कलमं बऱ्याचदा मुद्दाम बंधनकारक ठेवलेली असतात. तिथे ‘माहिती गुप्त ठेवण्याचा प्रयत्न करतील’ असं दिसलं, तर टिपण उलट्या दिशेनं लिहावं लागतं.