निफ्टीचं वजन आणि इंडेक्स फंड : सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एमआरएफचा एक शेअर लाखाच्या घरात, मग निफ्टीत सगळ्यात जास्त वजन त्याचंच ना? (नवी पेठ)

नाही, निफ्टी ५० या पन्नास बड्या कंपन्यांच्या इंडेक्समध्ये एमआरएफच नाही, आणि वजन म्हणजे इंडेक्समधला कंपनीचा वाटा, एका शेअरच्या भावाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

प्रश्न : रिलायन्स सगळ्यात मोठी कंपनी, तरी एचडीएफसी बँकेचं वजन जास्त कसं? (होटगी रोड)

कारण निफ्टी कंपनीची सगळी किंमत धरत नाही, बाजारात खरेदी-विक्रीला मोकळे असलेलेच शेअर धरते, यालाच फ्री फ्लोट म्हणतात, २००९ पासून हीच पद्धत आहे. रिलायन्सचे जवळपास निम्मे शेअर प्रमोटरकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालक गटाकडे आहेत, ते हिशोबात येत नाहीत, आणि एचडीएफसी बँकेला २०२३ च्या विलीनीकरणानंतर प्रमोटरच उरला नाही. समजा दोनच कंपन्यांचा इंडेक्स आहे. पहिली १०,००० कोटींची पण ७५ टक्के प्रमोटरकडे, म्हणजे धरायचे २,५०० कोटी. दुसरी ६,००० कोटींची, प्रमोटर नाही, म्हणजे पूर्ण ६,०००. एकूण झाले ८,५००, त्यात छोट्या कंपनीचं वजन ७१ टक्के आणि मोठीचं २९.

प्रश्न : शेअर वर गेला की फंडाला रोज आणखी घ्यावे लागतात का? (जुळे सोलापूर)

नाही. इंडेक्स फंड निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर त्याच वजनाने ठेवतो, त्यामुळे हातातल्या शेअरची किंमत वाढली की वजन आपोआप वाढतं. लोकांचे पैसे आले-गेले, किंवा मार्च-सप्टेंबरमध्ये यादी बदलली, की खरेदी-विक्री होते.

प्रश्न : एजंट म्हणतो आमचा इंडेक्स फंड निफ्टीच्या पुढे गेला, मॅनेजर हुशार आहे. जुना विकून यात टाकू का? (अक्कलकोट रोड)

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. टीव्हीवर दिसते त्या निफ्टीत कंपन्यांचा डिव्हिडंड नसतो, फंडाला मात्र तो मिळतो आणि तो परत गुंतवला जातो, त्यामुळे फंडाची खरी तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशी, म्हणजे टीआरआयशी करायची असते, आणि सेबीने २०१८ पासून फंडांना तीच दाखवायला लावलीय. समजा वर्षात टीव्हीवरची निफ्टी १० टक्के वाढली आणि डिव्हिडंड धरून टीआरआय ११.२ झाला. तुमच्या फंडाने १०.७ दिले तर एजंट म्हणणार बघा पुढे गेला, प्रत्यक्षात तो अर्धा टक्का मागे आहे! खर्च आणि थोडी पडून राहिलेली रोख यामुळे फंड थोडा मागे राहणारच, त्या फरकाला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात, फंडाच्या वेबसाइटवर मिळतो. एकाच इंडेक्सच्या दोन फंडांत हाच आकडा लावून बघा. आणि एजंटमार्फत घेतलेला रेग्युलर प्लॅन असेल तर एजंटचं कमिशनही त्याच खर्चात असतं, एवढं त्याला तोंडावर विचारा. मॅनेजरच्या हुशारीचा इथे प्रश्नच नाही, त्याला यादीप्रमाणे शेअर ठेवायचेत. विकण्याआधी एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्यास फंड कापतो ती रक्कम, आणि नफ्यावरचा टॅक्स किती बसतो ते स्टेटमेंट घेऊन सेबी-नोंदणीकृत सल्लागाराकडून काढून घ्या, तोवर कशावरही सही करू नका.