आव पडते म्हणजे आतड्याला सूज आलीच का?

“मॅडम, पाच महिने झाले, संडासला शेंबडासारखी आव पडते. तीन वेळा जंतूच्या गोळ्यांचा कोर्स केला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा सुरू. आतड्याला सूज आहे का? कॅन्सर तर नसेल ना?”

ताई छत्तीस वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. पिशवीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मळाच्या तपासणीचा एक जुना रिपोर्ट. मी आधी आव येते कुठून, ते सांगितलं, कारण तिथेच अर्धी भीती अडकलेली असते.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात असंख्य बारीक पेशी सतत बुळबुळीत द्रव तयार करत असतात. त्याचा थर दोन कामं करतो. मळ न घासता पुढे सरकतो आणि आतड्यातले जंतू अस्तराला थेट चिकटत नाहीत. निरोगी माणसाच्या मळातही तो असतोच, फक्त इतका थोडा की दिसत नाही. मळ कडक होऊन अडकला, आतडं चिडखोर झालं किंवा जुलाब लागले, की तो जास्त सुटतो आणि डोळ्यांना दिसू लागतो. अशा वेळी अस्तराला जखम नसते. महिनाभरापूर्वी एक कॉलेजचा मुलगा आला होता. परीक्षेच्या दिवसांत पोटात कळ, खडे पडावेत तसा मळ, त्यावर पांढरी आव आणि शौचाला जाऊन आला की कळ थांबायची. रक्त नाही, वजन तेवढंच, रात्री झोप शांत. त्याची सुजेची तपासणी स्वच्छ आली आणि बद्धकोष्ठतेवर उपचार केल्यावर आव आपोआप कमी झाली.

ताईंचं चित्र वरवर तसंच होतं. मळ घट्ट, त्यात आव. त्यामुळे मी त्यांना दहा दिवस एक वही ठेवायला सांगितली. किती वाजता गेलात, मळ पडला की नुसती आव, रंग कसा, एवढंच लिहायचं.

त्यांनी मुलीच्या जुन्या वहीची चार पानं भरून आणली. एका दिवसाच्या नोंदी मला अजून आठवतात. सकाळी ६:२०, घट्ट मळ, थोडाच. ६:५०, नुसती आव. १०:१५, मधल्या सुट्टीच्या आधी, नुसती आव, दोन चमचे असेल. दुपारी ४, काहीच नाही, नुसतं कुंथणं. रात्री ३:१०, आव, “जरा लालसर”. दिवसभरात पाच फेऱ्या आणि मळ फक्त एकदा.

“लालसर म्हणजे रक्त का, ताई?”

त्या खाली बघत म्हणाल्या, “मूळव्याध आहे ना मला, बाळंतपणापासून. म्हणून ते नाही सांगितलं.”

इथे गोष्ट पालटली. मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक असतं आणि मळ पडून गेल्यावर थेंबथेंब टपकतं किंवा कागदावर दिसतं. ताईंचं रक्त आवेतच मिसळलेलं होतं, तेही मळाशिवाय. जोडीला रात्री झोपेतून उठवणारी घाई आणि पोट रिकामं झाल्यावरही अजून काहीतरी बाकी आहे असं वाटणं. ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की मी सरळ गुदाशयाच्या अस्तराला सूज असावी असं धरते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग सुजला की थोडीशी आव जमली तरी त्याला मळ आल्यासारखं वाटतं, म्हणून फेऱ्या वाढतात. वरचं आतडं मात्र ठीक असतं, उलट तिथे मळ तुंबतो. म्हणूनच बद्धकोष्ठ आणि आव-रक्त एकाच माणसाला असू शकतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण महिनोन् महिने नुसतं इसबगोल घेत बसतात. सुजेमध्ये जी “आव” पडते तीही वेगळी असते. अस्तराचा वरचा पातळ थर सोलवटून त्यातून पाझरणारा द्रव, पांढऱ्या पेशी आणि रक्त त्यात मिसळतं. आव तयार करणाऱ्या पेशी तर उलट कमीच झालेल्या असतात.

मग त्या जंतूच्या गोळ्या? जुन्या रिपोर्टमध्ये “अमीबाच्या गाठी दिसल्या” असं लिहिलं होतं. त्रास देणारा आणि निरुपद्रवी, असे दोन अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे दिसतात, त्यामुळे नुसत्या गाठींवरून आमांश ठरत नाही. आणि गोळ्यांनी “बरं वाटलं” कारण अशी सूज स्वतःहूनही चढते आणि उतरते. तरी जंतुसंसर्ग नाही याची खात्री मात्र करावीच लागते. अमीबा असताना सुजेसाठी स्टेरॉइड दिलं तर आतड्याला भोक पडण्याइतका धोका होऊ शकतो.

डॉक्टरांनी मळाची जंतूंसाठी नव्याने तपासणी केली, सोबत कॅलप्रोटेक्टिनची चाचणी. हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. अस्तराला सूज असली की मळात वाढतं, नुसत्या चिडखोर आतड्यात सहसा वाढत नाही. साधारण पन्नासच्या आत असलं तर सुजेची शक्यता फार कमी. ताईंचं आलं ६४०. गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही आकडा चढतो, म्हणून तशा गोळ्या घेता का, हेही मी विचारलं. घेत नव्हत्या. हिमोग्लोबिन १०.२ होतं.

दुर्बिणीच्या तपासणीत गुदद्वारापासून सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत अस्तर लाल, जरासा स्पर्श होताच रक्त येणारं दिसलं आणि पुढे एकदम निरोगी. घेतलेल्या तुकड्यांवरून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार येणारी सूज, ताईंना फक्त गुदाशयापुरती, असं निदान झालं. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच फसवतो, म्हणून तुकड्यांची तपासणी टाळू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

कॅन्सरची भीती त्यांनी पुन्हा विचारली. तुकड्यांत तसं काही नव्हतं. पुढची धास्तीही मोठी नाही: सूज गुदाशयापुरतीच मर्यादित असेल तर कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा फारसा वाढत नाही. ती वर पसरली तर मात्र ठरावीक काळाने दुर्बीण लागते.

उपचार म्हणजे रोज रात्री झोपताना मेसालामिन या सूज उतरवणाऱ्या औषधाची एक ग्रॅमची गुदवर्ती, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची वडी. तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा हीच जास्त चालते, कारण औषध नेमकं सुजलेल्या जागी बसतं. पहिल्या आठवड्यात ताई कंटाळल्या, लाजही वाटत होती. सासूबाईंनी तेलतिखट बंद करून बेलाचा मुरांबा सुरू केला होता. मुरांबा खायला माझी हरकत नव्हती, पण त्याच्या भरवशावर वर्ती सोडू नका, एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांत रात्रीची ३:१० वाजताची नोंद वहीतून गेली. आठ आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन ८५.

परवा त्यांनी विचारलं, “आता बंद करू का, मॅडम?” स्वतःहून बंद केल्यास बरेच जण वर्षाच्या आत पुन्हा त्याच फेऱ्यांवर येतात. म्हणून सध्या आठवड्यातून तीन रात्री, डॉक्टरांच्या सल्ल्याने. रक्त पुन्हा दिसलं, वजन उतरू लागलं किंवा ताप आला तर नेमलेल्या तारखेची वाट न बघता यायचं. वहीची शेवटची दोन पानं त्यांनी त्यासाठी कोरी ठेवलीत.